‘मांडवाखाली’: द्राक्षबागेतल्या बायकांची चित्रं, नाशिक

चित्रकार (मूळ पोस्ट): नमस्कार. माझी १८ जलरंगचित्रं शुक्रवार ते रविवार गंगापूर रोडवरच्या कलादालनात मांडतोय, सकाळी ११ ते रात्री ८. पेठ-सुरगाण्याकडून टोळीनं येऊन दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत विरळणी करणाऱ्या बायका हा विषय. डोक्यावर घागर, नऊवारी, ठसठशीत कुंकू यातलं काही काढलेलं नाही. साडीवर नवऱ्याचा फुल शर्ट, तोंडाला स्कार्फ, हातात छोटी कात्री, दोन्ही हात वर. चेहरे बहुतेक झाकलेले आहेत. नक्की या आणि मोकळेपणानं बोला.

ओझरकर: अभिनंदन, पण पटलं नाही. तोंड झाकलं की ती कोणीही असू शकते. बाई कळायला डोळे-ओठ दिसायला हवेत. शिवाय सोबत टाकलेलं चित्र मोबाइलच्या फोटोवरून केलेलं दिसतं. फोटोवरून केलेलं चित्र म्हणजे नक्कलच.

कागद ३००: फोटोवरचं आहे हे तुम्ही बरोबर ओळखलंत, पण नक्कल म्हणायची घाई नको. आठवणीला आधार म्हणून चांगले चांगले चित्रकार फोटो घेतात. अडचण लेन्सची आहे. मोबाइल अगदी जवळची वस्तू फुगवून दाखवतो. हात वर केलेल्या बाईचा फोटो हातभर अंतरावरून घेतला की पंजा डोक्यापेक्षा मोठा येतो, आणि या चित्रात नेमकं तेच झालंय. दुसरी खूण सावलीची. मांडवाखाली ऊन पानांतून गाळून येतं, म्हणून हनुवटीखाली आणि मनगटाच्या आतल्या बाजूला हिरवट उजेड असतो. वरच्या फटींतून कडक ऊन पडलेलं असलं की मोबाइल ती सावली सरळ काळी करून टाकतो. चित्रातही मानेखाली काळा डाग आहे. तासभर तिथे बसून पाहिलं असतं तर ब्रश काळ्याकडे गेलाच नसता.

चित्रकार: हाताचं मान्य. ११ चित्रं फोटोंवरून आहेत, ७ बागेत केलेल्या रेखाटनांवरून. रोजावरच्या बाईला पाच मिनिटं थांबा म्हणता येत नाही, मुकादमाचं लक्ष असतं आणि ती तोवर पुढच्या वेलीवर गेलेली असते. म्हणून तिथे फक्त रेषा, रंग घरी. हिरवट उजेडासाठी बर्न्ट सिएनाचा पहिला हात ओला असतानाच त्यात किंचित सॅप ग्रीन सोडला. वाळल्यावर वरून घासलं की चिखल होतो, असे दोन कागद फाडले. स्कार्फबद्दल मात्र, ओझरकर, मी ठाम आहे. फवारलेल्या पानांची धूळ आणि ऊन चुकवायला त्या तोंड बांधतात. मी ते सोडवून चेहरा काढला असता तर ती बाई बागेतली राहिली नसती.

पिंपळगावची लेक: माझी आई १४ वर्षं विरळणीला गेली. स्कार्फ अगदी खरा आहे. रात्री आम्ही बहिणी तिच्या खांद्यांना तेल चोळायचो, कारण दिवसभर हात वर आणि मान मागे. घडाला बोट घासलं, मण्यावरची पावडर पुसली गेली की ओरडा बसायचा. माझं दुखणं वेगळं आहे. आमंत्रणात बागाईतदारांचे नावानिशी आभार आहेत आणि चित्रांखाली ‘विरळणी १’, ‘विरळणी २’. त्या बायकांना विचारलं होतं का? चित्र विकलं गेलं तर त्यांना काय मिळणार?

कलेचा चाहता: ताई, नाव नसणं नवीन नाही. अमृता शेर-गिलच्या १९३५ च्या ‘तीन मुली’ या चित्राच्या शीर्षकात तरी नावं कुठे आहेत? चित्र झालं की ते सगळ्याच बायकांचं होतं.

कागद ३००: शीर्षकाचं बरोबर. पण तिथे तिघींचे चेहरे समोर आहेत आणि तिघी तीन वेगळ्या मुली वाटतात. इथे चेहरा नाही, नावही नाही, मग सगळं ओझं हातांवर येतं. म्हणून तो फुगलेला पंजा मला एवढा खटकतो.

आजीचा नातू: दादा, लासलगावला कांद्याच्या चाळीत राबलेल्या माझ्या आजीचा एकच फोटो आहे, मतदान कार्डावरचा. त्यावरून चित्र काढून द्याल का?

चित्रकार: तेवढ्यावर अवघड आहे. कार्डावरच्या फोटोत उजेड समोरून असतो, गाल सपाट होतात. कुणाच्या लग्नातला, बाजूनं काढलेला एखादा फोटो शोधा, मग बघू.
पिंपळगावच्या ताई, रेखाटनं केली त्या सातजणींना विचारलं होतं. चौघी म्हणाल्या, नाव नको, पुढच्या हंगामात काम मिळणार नाही. तिघींची नावं शुक्रवारपर्यंत चित्रांखाली लावतो. फोटोतल्या बायकांना विचारलं नाही, ते चुकलंच. पैशांचं अजून ठरवलेलं नाही.

ओझरकर: नावं लावा, चांगलंच आहे. चेहऱ्याचं माझं मत तेच.

पिंपळगावची लेक: पैशांचं चित्र विकायच्या आधी ठरवा, नंतर नको. शनिवारी आईला घेऊन येते. कात्री धरलेली बोटं बरोबर आहेत की नाही, ते ती सांगेल.