‘क्षितिज जुळव’ म्हणजे नेमकं काय जुळवायचं?

चिंचोके: आमच्या ऑफिसात सोसायटीच्या पुनर्विकासाचं प्रेझेंटेशन चाललंय. इमारतीच्या फोटोत झाडं, गाड्या, माणसं टाकायचं काम माझ्याकडे आहे. सर कधी म्हणतात ‘क्षितिज जुळव’, कधी ‘आय लेव्हल जुळव’. फोटोत समोर इमारत आणि मागे इमारती, क्षितिज दिसतंय कुठे? हे दोन शब्द एकाच गोष्टीचे आहेत का? आणि या भरण्याला मराठीत काय म्हणाल?

जुनापुराणा: क्षिति म्हणजे पृथ्वी, तिच्यापासून जन्मलेलं ते क्षितिज. गंमत म्हणजे संस्कृत कोशात क्षितिज म्हणजे झाडसुद्धा! तेव्हा तुम्ही क्षितिजावर क्षितिज लावताय.

चिंचोके: वा! पण सरांना हे सांगितलं तर अजून चार झाडं लावायला सांगतील.

रंगपेटी: सोपं आहे. सगळ्या माणसांची डोकी एका रेषेत ठेवायची. लांबचा माणूस लहान, जवळचा मोठा, पण डोकी एका रेषेत. एलिमेंटरीच्या परीक्षेपासून हेच शिकवतो मी.

तिरकी रेघ: रंगपेटी, हे खरं, पण फोटो उभ्या माणसाच्या उंचीवरून काढला असेल आणि जमीन सपाट असेल तेव्हाच. चिंचोके, फोटो कुठून काढलाय?

चिंचोके: समोरच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून. खाली झाडाची फांदी आड येत होती.

तिरकी रेघ: मग घोळ तिथेच आहे. इथे क्षितिज म्हणजे आभाळ टेकतं ती जागा नव्हे, कॅमेऱ्याच्या उंचीची आडवी रेघ. दोन्ही शब्द एकाच रेघेचे; फक्त ‘आय लेव्हल’मधला डोळा कॅमेऱ्याचा, फोटोतल्या माणसाचा नाही.

ती रेघ शोधायची अशी. छज्जा, खिडक्यांचे उंबरे, पॅरापेट अशा एकाच भिंतीवरच्या आडव्या कडा पुढे वाढवा. त्या एका बिंदूत मिळतील. त्या बिंदूतून आडवी रेघ मारा. ती इमारतीला कुठे कापते?

चिंचोके: मारली. पहिल्या मजल्याच्या खिडकीच्या उंबऱ्यावरून जातेय.

तिरकी रेघ: जोतं ०.६ मीटर, मजला ३ मीटर, उंबरा ०.९ मीटर असं धरलं तर जमिनीपासून ४.५ मीटर. गॅलरीतून काढलेल्या फोटोशी जमतं.

आता सपाट जमिनीवर कुठेही पाय टेकवा, पायापासून त्या रेघेपर्यंतचं अंतर म्हणजे तिथले ४.५ मीटर. समजा जवळच्या जागी ते ९०० पिक्सेल भरलं. तर १.६५ मीटरचा माणूस ३३० पिक्सेलचा आणि दीड मीटर उंचीची गाडी ३००ची. सहा मीटरचं झाड १२०० पिक्सेलचं, म्हणजे रेघेच्या वर जाईल. मागे इमारतीपाशी अंतर ४५० भरलं तर तोच माणूस १६५ पिक्सेलचा. डोकी एका रेषेत येणारच नाहीत, सगळी रेघेच्या खूप खाली राहतील.

चिंचोके: म्हणजे मी डोकी रेघेवर टेकवली ते…

तिरकी रेघ: साडेचार मीटरचे रहिवासी. ओळखायची खूण हीच: माणसाचं डोकं शेजारच्या दाराशी ताडून बघा. दाराबाहेर उभा माणूस पहिल्या मजल्याच्या खिडकीत डोकावत असेल, तर चुकलंय.

रंगपेटी: मान्य. पण उंची बरोबर करूनही गाडी पुढे कलंडल्यासारखी दिसते, ते का?

तिरकी रेघ: कटआउट रस्त्यावर उभं राहून काढलेलं असतं म्हणून. त्यात गाडीची बाजू दिसते, टप जवळजवळ दिसत नाही. गॅलरीतून टप आणि बॉनेट दिसायला हवं. ते ओढूनताणून जमत नाही, वरून काढलेलीच गाडी शोधावी लागते. झाड त्यामानाने खपून जातं.

खडीसाखर: आमच्याकडे डोंगरउतारावर बंगला आहे. रस्त्याच्या दोन कडा वाढवल्या तर क्षितिज भलतंच वर येतं!

तिरकी रेघ: चढाचा रस्ता आहे ना? त्याच्या कडा आडव्या नाहीत, म्हणून त्या रेघेच्या वरच मिळतात. इमारतीच्याच कडा धरा. आणि उतारावर वरचा सपाट जमिनीचा हिशेब चालत नाही. प्रत्येक जागी जमीन किती वरखाली आहे ते आधी कळायला हवं.

चिंचोके: एक राहिलं. कॅमेरा थोडा वर केला होता, भिंती आत झुकल्यात. त्या सरळ करायच्या आहेत.

तिरकी रेघ: आधी सरळ करा, मग रेघ नव्याने काढा. सरळ करताना ती हलते. आणि ती फोटोच्या मधोमध असेल असं धरू नका.

जुनापुराणा: भरण्याच्या शब्दाचं राहिलंच की. ‘लवाजमा’ कसा वाटतो?

रंगपेटी: लवाजमा राजाबरोबर चालतो. झाडं चालत नाहीत. ‘पूरक आकृती’ म्हणा.

चिंचोके: ‘पूरक आकृती टाक’ म्हटलं तर ऑफिसात कुणी वळूनही बघणार नाही. लवाजमा मला आवडला, पण सर ‘माणसंगाड्या’च म्हणतात.

खडीसाखर: आमच्याकडे सरळ ‘एंटुराज’. स्पेलिंग कुणालाच येत नाही.