मदत हवी आहे: आईला चावता येत नाही, प्रथिनं कशी वाढवू?

नमस्कार मंडळी, आम्ही नागपूरचे. आई 76 वर्षांची, वजन 50 किलो, शुद्ध शाकाहारी. कवळी टोचते म्हणून पातळ वरण-भातावरच असते. किडनीचे रिपोर्ट चांगले आहेत, म्हणून डॉक्टरांनी दिवसाला 50 ते 60 ग्रॅम प्रथिनं सांगितली. पण वाटीभर पातळ वरणात डाळ जेमतेम 20 ग्रॅम, म्हणजे प्रथिनं साडेचारच!

आता मऊ पिठलं, घट्ट वरण, दोन वाट्या दूध-दही आणि ताकात शेंगदाण्याचा कूट देते (कणी राहिली की ठसका लागतो, म्हणून चाळूनच). तरी पस्तिशीतच अडकलोय. 30 ग्रॅम सोयाबीन वड्यांतून पंधरा मिळतील, पण शिजवूनही त्या चिवट लागतात; आई चघळून काढून टाकते. कोरड्याच दळून पिठल्यात घातल्या तर चालतील का? आणि तो वास कसा घालवता?