'आलेख फाटतोय' म्हणजे काय? आणि 'रिझोल्यूशन'ला काय म्हणावं?

अंजिरी
पाणलोटाचं काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेच्या वार्षिक अहवालाचं संपादन माझ्याकडे आहे. सात गावांतले कार्यकर्ते पाऊस आणि विहिरींची पातळी एक्सेलमध्ये भरतात, त्यावरून आलेख काढतात आणि मला पाठवतात. त्यांच्यासाठी मी एक सूचनापत्रक लिहिलं. त्यातलं एक वाक्य असं होतं: "आलेख उच्च विभेदनाच्या प्रतिमेत पाठवावेत." कुणालाही ते कळलं नाही. दोघांनी फोन करून विचारलं. एकाने पाऊस आणि पाणीपातळी यांचा एकत्र असलेला आलेख तोडून दोन वेगळे आलेख करून पाठवले. विभेदन म्हणजे वेगळं करणं, असा त्याने अर्थ लावला, आणि त्याला चूक तरी कसं म्हणू?

मग प्रेसमधून फोन आला, "ताई, तुमचे आलेख फाटतायत." शेजारी बसलेले संस्थेचे हिशेबनीस म्हणाले, "मग कागद जाड घ्यायला सांगा."

तर प्रश्न दोन. गावातल्या माणसाला कळेल असा 'रिझोल्यूशन'साठी शब्द कोणता? आणि प्रेसवाल्यांचं 'फाटणं' सूचनापत्रकात लिहिलं तर चालेल का?

शुद्धमती
विभेदन हाच शब्द बरोबर आहे, तो सोडू नका. दुर्बिणीतून जवळजवळचे दोन तारे वेगळे दिसले की तिची विभेदनक्षमता चांगली, असं आपण शाळेपासून वाचतो. छपाईतही तेच, जवळजवळच्या दोन रेघा वेगळ्या दिसायला हव्यात. शब्द वापरल्याशिवाय रुळत नाही. सावरकरांनी 'महापौर' आणि 'दिनांक' दिले तेव्हा तेही लोकांना नवेच होते.

ताळेबंद
माझ्या मते प्रश्नच उरत नाही. रिझोल्यूशन म्हणजे ठराव. आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या अहवालात ठराव, सूचक, अनुमोदक असं सगळं मराठीत छापतो. ठरावाची प्रत स्कॅन करून जोडायची असेल तर सही-शिक्क्याची बाजू नीट येईल एवढं बघा.

अंजिरी
ताळेबंदकाका, तो ठराव वेगळा हो. मी चित्राच्या बारकाईबद्दल विचारतेय.

जुळारी
पस्तीस वर्षं छपाईत काढली. सुरुवात खिळे जुळवण्यापासून, नंतर डीटीपी. 'फाटणं' हा आमचा रोजचा शब्द आहे आणि तो अगदी नेमका आहे. ताई, तुमच्या आलेखाची छापील प्रूफ डोळ्याजवळ धरा. उभ्या अक्षावर 'टक्के' लिहिलं असेल तर तिथे बघा. वरची शिरोरेघ सरळ न राहता जिन्यासारखी पायऱ्यापायऱ्यांची झालेली असेल, आणि 'क्क' मधली पोकळी भरून काळा गोळा झाला असेल. रोमन अक्षर अशा वेळी कसंबसं तगून जातं, देवनागरी आधी मरतं. कापडाची वीण उसवून धागे दिसायला लागतात तसे चित्राचे ठिपके दिसायला लागतात. म्हणून फाटणं.

निळीशाई
उपाय सोपा आहे. फोटोशॉपमध्ये उघडायचं, Image Size मध्ये जाऊन ३०० टाकायचं, सेव्ह करायचं. प्रेसला ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, लागतं. मी कायम असंच देतो. आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, Document म्हणून पाठवा.

जुळारी
व्हॉट्सॲपचं शंभर टक्के खरं. फोटो म्हणून पाठवलं की ते चित्र दाबून लहान करतं. पण ३०० टाकण्याबद्दल मात्र थांबा, कारण माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या फाईलींचा घात याच आकड्याने होतो.

एक्सेलने स्वतःहून काढलेला आलेख साधारण १२.७ सेंटीमीटर रुंद आणि ७.६ उंच असतो, म्हणजे पाच इंच बाय तीन. साध्या पडद्यावर तो इंचाला ९६ ठिपके या हिशेबाने उमटतो, तेव्हा त्याचे ठिपके झाले ४८० बाय २८८. उजवी क्लिक करून Save as Picture ने पीएनजी काढलीत तर बहुतेक वेळा हेच, पडद्यावरचे ठिपके मिळतात. त्याच पाच इंचांत स्वच्छ छापायला लागतात १५०० बाय ९००. आता फोटोशॉपमध्ये ३०० टाकलंत आणि Resample ची खूण काढलेली असेल, तर ठिपके तेवढेच राहतात आणि चित्र चार सेंटीमीटरचं होतं, टपाल तिकिटापेक्षा थोडं मोठं. खूण असेल तर फोटोशॉप मधले ठिपके अंदाजाने भरतं. पायऱ्या जातात, पण त्यांच्या जागी धुरकट कडा येते. आकडा ३०० दिसतो, बारकावा ९६ चाच असतो.

निळीशाई
पण माझे फोटो तर चांगले छापून येतात.

जुळारी
कॅमेऱ्याच्या फोटोत मुळातच लाखो ठिपके असतात, तुम्ही फक्त त्यांचं माप बदलता. शिवाय फोटोत गालाची कडा जरा मऊ झाली तर कुणाला कळत नाही. आलेखात पातळ रेघ आणि बारीक अक्षर असतं, तिथे लपायला जागा नाही.

अंजिरी
जुळारीकाका, मग मी आलेखच ओढून तिप्पट मोठा केला आणि सेव्ह केला तर?

जुळारी
ठिपके वाढतील. पण आलेख ओढला तरी अक्षरांचा आकार दहा पॉइंटचा तो दहाच राहतो, रेघांची जाडीही तीच. छापताना पुन्हा तिसऱ्या हिश्श्यावर आणला की अक्षरं सव्वातीन पॉइंटची. ठळक छापून येतील, पण भिंगाशिवाय कुणी वाचणार नाही. मग प्रत्येक आलेखात अक्षरं तीस पॉइंट करत बसा.

त्यापेक्षा ठिपक्यांच्या भानगडीतच पडू नका. आलेखाच्या चौकटीवर एकदा क्लिक करा म्हणजे तो निवडला जाईल. मग Save As मध्ये जाऊन PDF निवडा आणि Options उघडून Selected chart वर टिंब आहे ना ते बघा. फक्त तो आलेख पान भरून पीडीएफ होतो. त्यात ठिपके नसतात, रेघा आणि अक्षरं असतात, आणि फाँटही आत बसून येतो, त्यामुळे प्रेसच्या मशीनवर तो फाँट नसला तरी जोडाक्षरं तुटत नाहीत. प्रेसवाला हवा तेवढा लहान-मोठा करून पानात बसवतो. बसवल्यावर तोही अक्षरांसकट लहान होतो, तेव्हा पानावरच्या मापाला एकदा छापून अक्षर वाचता येतंय ना हे बघायचंच.

तपासायचं कसं? पीडीएफ ८०० टक्क्यांवर मोठी करून 'टक्के'कडे बघा. कडा गुळगुळीत राहिली तर पास. पायऱ्या दिसल्या तर कुणीतरी आलेख आधीच चित्र म्हणून शीटवर चिकटवलाय. एक्सेलमधले सावलीचे आणि चकाकीचे इफेक्ट मात्र काढून टाका, पीडीएफ करताना त्यांचे ठिपके होतात.

शुद्धमती
माहिती मोलाची आहे, पण हा शब्दाचा धागा आहे. "पीडीएफ पाठवा" म्हटल्याने रिझोल्यूशनला मराठी शब्द मिळत नाही. आणि कागदाला, कापडाला वापरायचं क्रियापद चित्राला लावणं हा आळस आहे.

बोरीबाभळी
आळस कसला? दूध फाटतं, आवाज फाटतो, स्पीकर मोठा केला की गाणं फाटतं. यातलं काहीच कापड नाही. जे एकसंध असायला हवं त्याचे कण वेगळे व्हायला लागले की मराठी माणूस 'फाटलं' म्हणतो. चित्राला तोच शब्द लागला, तो कुणी शिकवला नाही.

आणि गंमत बघा, 'विभेदन' मधला भिद् म्हणजे फोडणं, चिरणं. तुम्ही चांगल्या चित्राला 'खूप फोडलेलं' म्हणताय आणि प्रेसवाला वाईट चित्राला 'फाटलेलं' म्हणतोय. गावातल्या त्या मुलाने आलेखाचे दोन तुकडे केले ते धातूला धरूनच केले.

शुद्धमती
हे शब्दांशी खेळणं झालं. भेद म्हणजे फरकही. विभेदन म्हणजे फरक कळणं, तुकडे होणं नव्हे. 'रिझोल्यूशन' तरी कुठून आलं? लॅटिनमध्येही ते सोडवणं, सुटं करणं असंच आहे. इंग्रजाला ते चालतं, मग मराठीला का नको?

ताळेबंद
मला वाटतं खरी चूक 'आलेख' शब्दात आहे. चार्टला तक्ता म्हणावं. आम्ही भिंतीवरच्या चार्टला तक्ताच म्हणतो.

अंजिरी
काका, 'तक्ता' लिहून पाहिलं होतं. तीन गावांनी आकड्यांच्या रकाने-ओळी पाठवल्या.

ताळेबंद
मग त्यांनी बरोबरच पाठवलं!

अंजिरी
आज करून बघितलं. पावसाचा स्तंभालेख पीडीएफ करून प्रेसला पाठवला, त्याच पानावर जुनी पीएनजीही शेजारी ठेवायला सांगितली. पीएनजीत 'जुलै'ची मात्रा आणि शिरोरेघ एकमेकींत मिसळून जाड पट्टा झाला होता. पीडीएफमध्ये दोन्ही मात्रा सुट्या, अगदी कोरल्यासारख्या. पण एक राहिलं. अक्षरांच्या कडेला किंचित लालसर छटा दिसतेय.

जुळारी
ते फाटणं नाही. एक्सेलचा काळा हा पडद्याचा काळा असतो. छपाईसाठी रंग बदलताना तो चारही शायांत वाटला जातो, आणि एखादी प्लेट केसभर सरकली की बारीक अक्षराला रंगीत सावली पडते. तुमच्या हातात एक्सेलमध्ये याला इलाज नाही. प्रेसला सांगा, अक्षरं नुसत्या काळ्या शाईत घ्या. पीडीएफ असल्याने त्यांना ते करता येईल, पीएनजी असती तर कठीण होतं.

निळीशाई
आमच्या प्रेसने फक्त जेपेगच मागितलं तर?

जुळारी
तर हीच पीडीएफ फोटोशॉपमध्ये उघडा. उघडतानाच तो किती डीपीआय ते विचारतो, तिथे ३०० टाका, आलेख बारीक असेल तर ६००. इथे तो आकडा खरा ठरतो, कारण ठिपके रेघांवरून नव्याने पाडले जातात. फक्त जेपेगऐवजी पीएनजी किंवा टिफ घेता का विचारा. जेपेगमध्ये अक्षरांभोवती धूळ बसल्यासारखी दिसते.

अंजिरी
सूचनापत्रक बदललं. आता वाक्य असं आहे: "आलेख पीडीएफ करून पाठवावा. मोठा करून पाहिल्यावर अक्षर फाटता कामा नये." तीन जणांना वाचायला दिलं, तिघांनाही कळलं.

शुद्धमती
म्हणजे संकल्पनेला नाव न देता तुम्ही तिला वळसा घातलात. पुढच्या वर्षी छायाचित्रं मागवाल तेव्हा काय लिहाल? "कमीत कमी इतकं" असं मोजमाप सांगायचं असेल तर नाम लागतंच. 'फाटण्याचं प्रमाण ३००' असं लिहिणार का?

बोरीबाभळी
'ठिपकेदाटी' कसं वाटतं? "इंचाला ३०० ठिपके दाटी."

शुद्धमती
दाटी म्हणजे गर्दी. त्यात स्पष्टता कुठे आली?

जुळारी
आम्ही खिळ्यांच्या काळात नीट उमटलेल्या अक्षराला 'खडं उठलंय' म्हणायचो. पण तो ठशाचा गुण, ठिपक्यांचा नाही, म्हणून सुचवत नाही.

अंजिरी
'खडं उठणं' मी पहिल्यांदाच ऐकतेय काका. फक्त तुमच्या प्रेसमध्ये की सगळीकडे म्हणायचे?

बोरीबाभळी
आणि एक विचारायचं राहिलं. माझा नागपूरचा डिझायनर मित्र 'फाटलं' म्हणत नाही, 'पिक्चर फुटलं' म्हणतो. हा विदर्भातला फरक आहे का? तिकडच्या कुणी सांगेल का?