मदत हवी आहे: वडिलांचं खुब्याचं हाड जुळत नाहीये, सिगारेट सुटत नाहीये

वडील ७४ वर्षांचे, राहायला सदाशिव पेठेत. चार महिन्यांपूर्वी बाथरूमच्या उंबऱ्याला अडखळून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन करून रॉड घातला. एवढ्याशा पडण्यानं हाड मोडलं म्हणून हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी केली, तर त्यातला टी-स्कोअर उणे ३.१ आला. उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ झाली असं धरतात.

परवाच्या एक्स-रेमध्ये मोडलेल्या जागेची फट अजून स्पष्ट दिसतेय. पाय टेकला की जांघेत कळ येते. डॉक्टरांनी पहिला प्रश्न सिगारेटचाच केला. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात आणि धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडमुळे रक्त ऑक्सिजन कमी वाहून नेतं, त्यामुळे नवं हाड धरायला वेळ लागतो, असं त्यांनी समजावलं. हाड जुळलंच नाही तर सगळा भार रॉडवर येऊन तो वाकू किंवा तुटू शकतो, याची मला फार भीती वाटते.

बाबा पन्नास वर्षं ओढतायत. दहावरून तीनवर आलेत, पण सकाळच्या चहाबरोबरची काही सुटत नाही. वॉकर गॅलरीत टेकवून तिथेच उभे राहतात.

निकोटिनच्या च्युइंगममध्ये धूर नाही, पण निकोटिन आहेच. हाड जुळत असताना कुणाच्या डॉक्टरांनी ते दिलं होतं का? किती दिवस? आणि पुण्यात ज्येष्ठांना घरी येऊन व्यायाम करवून घेणारे फिजिओ कुणाला माहीत असतील तर कृपया सांगा.