'स्टेलमेट'ला मराठीत काय म्हणावं?

मृण्मयी_पुणे
आमच्या सोसायटीत शनिवारी मुलांना बुद्धिबळ शिकवतात. त्यांच्यासाठी मराठीत दोन पानांचं टिपण करून द्यायचं मी कबूल केलंय. शह, मात, वजीर, बढती इथपर्यंत काही अडलं नाही. 'स्टेलमेट'पाशी गाडं अडलं. त्यातही मला हवाय तो डावपेच. हरत आलेला खेळाडू मुद्दाम अशी वेळ आणतो की त्याला चालच उरत नाही, आणि डाव बरोबरीत सुटतो. सध्या मी 'राजाची कोंडी' लिहिलंय आणि अर्थ दिलाय : 'राजाला शह नाही, पण जायला एकही घर नाही.' चालेल?

नानिवडेकर
कोंडी हाच शब्द. शोधाशोध कशाला? 'संपाची कोंडी कायम', 'जागावाटपाची कोंडी फुटली' असं रोज पेपरात वाचतो. इंग्रजी पेपरवाले तिथे स्टेलमेटच लिहितात. माझ्या नोकरीच्या काळात पगारवाढीच्या बोलण्यांत अशा कोंड्या मी भरपूर पाहिल्यात.

तिरका_उंट
नाना, ती कोंडी फुटते. पटावरची फुटत नाही. ती झाली त्या क्षणी डाव संपला, दोघांना अर्धा अर्धा गुण. पण 'कोंडी' शब्दाला माझी तक्रार नाही. मृण्मयीताई, घोटाळा तुमच्या अर्थात आहे.

प्यादेमात७
अर्थात काय घोटाळा आहे? बरोबरच लिहिलंय. शह नाही आणि राजा हलू शकत नाही, झालं स्टेलमेट. मी शाळेत असल्यापासून खेळतोय.

गौरी_क
मी खेळत नाही, पण यावरून आमच्या घरात रडारड झालेली आहे म्हणून लिहिते. लेक नऊ वर्षांची. शाळांच्या स्पर्धेत तिच्याकडे राजा आणि एक प्यादं, समोर राजा आणि वजीर. तिचा राजा कोपऱ्यात अडकला, शह नव्हता. तिने खुशीत हात पुढे केला. पंच म्हणाले, 'बाळ, तुझी चाल आहे, खेळ.' तिला प्यादं पुढे ढकलावं लागलं आणि पुढच्याच चालीला मात. ती अजून म्हणते की पंच चुकले. वही बघून लिहिते : काळा राजा एच८, काळं प्यादं ए५, पांढरा वजीर एफ७, पांढरा राजा एफ६.

तिरका_उंट
पंच चुकले नाहीत. वजीर एफ७ वर असताना जी८, जी७ आणि एच७ ही तिन्ही घरं त्याच्या माऱ्यात आहेत, म्हणजे राजा खरंच अडकलाय. पण ए५चं प्यादं मोकळं आहे. ते ए४ला जाणार, मग वजीर जी७ला येणार. तिथे त्याला एफ६च्या राजाचा जोर, म्हणून मात. आता याच पटावर ए४ला एक पांढरं प्यादं ठेवा. लेकीचं प्यादं समोरासमोर अडलं, तिच्याकडे एकही चाल नाही, डाव बरोबरीत. जे प्यादं जवळ आहे म्हणून तिला आधार वाटत होता, त्यानेच तिचा अर्धा गुण घालवला.

फिडेच्या नियमात (कलम ५.२.१) राजाला घर नाही असं म्हटलेलंच नाही. ज्याची चाल आहे त्या *खेळाडूकडे* एकही नियमात बसणारी चाल नाही आणि त्याच्या राजाला शह नाही, असं आहे. राजा, प्यादी, घोडे, सगळे मिळून. म्हणून 'राजाची कोंडी'तला 'राजाची' मला खटकतो.

प्यादेमात७
ठीक. पण शेवटी उरतो राजाच ना? बाकी सोंगट्या असताना स्टेलमेट होतं कुठे!

तिरका_उंट
होतं, आणि खरी गंमत तिथेच आहे. बाकी सोंगट्या अडकलेल्या असल्या की पुरे. आणि जी एखादी अडकलेली नाही, ती फेकून द्यायची. मृण्मयीताई विचारतायत तो डावपेच म्हणजे हेच फेकून देणं.

१९६३-६४ची अमेरिकन अजिंक्यपद स्पर्धा, लॅरी एव्हान्स विरुद्ध सॅम्युएल रेशेव्हस्की. पांढरा एव्हान्स हरल्यात जमा होता. त्याचा राजा एच१च्या कोपऱ्यात, भोवतीच्या सगळ्या घरांवर काळ्या वजिराचा आणि हत्तीचा पहारा. त्याची उरलेली सगळी प्यादी समोरच्या सोंगट्यांनी अडवलेली. हलू शकत होते फक्त वजीर आणि हत्ती. म्हणजे हे दोघे गेले की एव्हान्स सुटला! ४९व्या चालीला त्याने वजीर जी८वर नेऊन शह दिला. फुकट वजीर, आणि रेशेव्हस्कीला तो घ्यावाच लागला. ५०व्या चालीला हत्तीने जी७चं प्यादं मारून पुन्हा शह. हा हत्ती घेतला की पांढऱ्याकडे चालच नाही. नाही घेतला तर तो सातव्या रांगेतून शह देतच राहतो. डाव बरोबरीत.

मृण्मयी_पुणे
मग या हत्तीलाही नाव हवं! इंग्रजीत आहे का काही?

तिरका_उंट
त्या डावातल्या हत्तीला इंग्रजीत 'चिरंतन हत्ती' अशा अर्थाचं नाव पडलंय. रशियनमध्ये या प्रकाराला 'पिसाळलेली लाद्या' म्हणतात. त्यांच्याकडे लाद्या म्हणजे होडी, आणि होडी काय पिसाळणार! आपल्याकडे तर हत्तीच आहे. 'पिसाळलेला हत्ती' म्हणा, मुलं विसरणार नाहीत.

नानिवडेकर
पिसाळतं कुत्रं. हत्ती माजतो, मस्तीला येतो. 'मस्तवाल हत्ती' म्हणा.

गौरी_क
माजलेला हत्ती दुसऱ्याला तुडवतो. हा तर 'मला मारा, मला मारा' म्हणत मागे लागलाय.

प्यादेमात७
पण मग प्रत्येक हरणारा हेच का करत नाही? मी दोनतीनदा करून पाहिलंय ऑनलाइन. समोरच्याने हत्ती आरामात घेतला आणि मला हरवलं.

तिरका_उंट
कारण हत्ती घेतल्यावर तुमच्याकडे कुठेतरी एक चाल उरली असणार. बहुतेकदा एखादं विसरलेलं प्यादं असतं. कधी असं होतं की तुमच्या राजाला कोंडणारी सोंगटीच हत्ती मारायला हलते आणि राजाला घर मोकळं होतं. म्हणून फेकण्याआधी पाहायचं की *ज्या सोंगटीने तो मारतील ती मारल्यावर कुठे असेल* आणि तिथून काय काय पाहील. दुसरी अडचण शहाची. राजाला शहातून निसटून लपायला जागा असली की दोनचार शहांनंतर हत्ती थकतो आणि डाव जातो.

ती सोंगटी कुठे उभी राहते यावर सगळं कसं फिरतं ते दाखवणारी एक जुनी रचना आहे. पटावर चारच सोंगट्या, मुलांना जरूर दाखवा. पांढरा राजा बी६, पांढरं प्यादं सी६. काळा राजा ए१, काळा हत्ती डी५. चाल पांढऱ्याची.

प्यादं सी७ला जातं, पुढच्या चालीला वजीर होणार. काळा डी६वरून शह देतो. पांढरा राजा बी७ला गेला तर हत्ती डी७ला येऊन प्यादं जखडतो. सी५ला आला तर हत्ती खाली डी१ला उतरतो, आणि वजीर झाला की सी१वरून शह देऊन राजामागचा तो वजीर घेतो. म्हणून राजा बी५, बी४, बी३ असा खाली सरकतो आणि हत्ती डी५, डी४, डी३वरून शह देत बरोबर उतरतो. मग राजा सी२ला येतो. आता राजा हत्तीवर चालून आलाय, आणि डी१ही त्याच्याच ताब्यात आहे.

इथे काळ्याचा डावपेच : हत्ती परत डी४ला. पांढऱ्याने वजीर केला की हत्ती सी४वर शह देतो. हा हत्ती मारला नाही तर वजीर जातो. मारला तर वजीर सी४ला येतो आणि तिथून तिरका ए२वर पाहतो. बी१ आणि बी२ पांढऱ्या राजाच्या ताब्यात. काळ्याला चाल नाही, बरोबरी!

१८९५मध्ये ग्लासगोच्या एका साप्ताहिकात बार्बिए या सदरलेखकाने ही बरोबरी दाखवली होती. तिथेच राहणाऱ्या फर्नांडो साव्हेद्रा नावाच्या स्पॅनिश धर्मगुरूने तिच्यातलं भोक दाखवलं.

मृण्मयी_पुणे
थांबा, सांगू नका. वजीर केला नाही तर? घोडा?

तिरका_उंट
हत्ती! सी८ला हत्ती करायचा. हत्ती तिरका पाहत नाही. आता काळ्याने सी४वर शह दिला आणि पांढऱ्या हत्तीने मारला तर ए२ मोकळं राहतं, काळ्याला चाल आहे, म्हणून बरोबरी नाही. शिवाय पांढऱ्याची ए८वरून मात करायची धमकी आहे. ती अडवायला काळा हत्ती ए४ला जातो, तेव्हा पांढरा राजा बी३ला येतो. एकाच चालीत हत्तीवर मारा आणि सी१वर मातेची धमकी. दोन्ही वाचवता येत नाहीत.

प्यादेमात७
म्हणजे जिंकणाऱ्याने नेहमी वजिराऐवजी हत्ती करावा? तेवढं सोपं आहे होय.

तिरका_उंट
नेहमी नाही हो! एरवी वजीरच. फक्त समोरच्याच्या सगळ्या सोंगट्या अडकल्या असतील तेव्हा बढतीआधी घटकाभर थांबायचं.

अण्णा_सातारकर
आमच्याकडे आजोबा पाटावर खडूने पट आखून खेळत. त्यांच्या खेळात हे चालतच नसे. कोंडणाऱ्याला चाल मागे घ्यावी लागे, 'त्याला एक घर दे' म्हणत. त्यामुळे या बरोबरीला घरात शब्दच नव्हता.

तिरका_उंट
अण्णा, नियम सगळीकडे सारखा नव्हताच. इंग्लंडात सतराव्या-अठराव्या शतकात समोरच्याला असं कोंडणारा चक्क हरायचा. एकोणिसाव्या शतकात आजचा नियम तिथे रुजला. आजोबांच्या नियमात एव्हान्सला फेकाफेक करून काही मिळालं नसतं.

नानिवडेकर
हिंदीत 'जिच' आहे. तो घेऊ नका, मराठी मुलांना तो जिंकण्याचा जवळचा वाटेल.

मृण्मयी_पुणे
जर्मन, फ्रेंच आणि रशियनमध्ये 'पॅट'च्या जवळचं काहीतरी म्हणतात असं वाचलं. पण 'पट' आणि 'पॅट' एका वाक्यात आले की मुलं हसणार. मी 'राजाची कोंडी' काढून 'चालकोंडी' लिहिते. अर्थ : 'ज्याची चाल आहे त्याच्या राजाला शह नाही, पण त्याच्या कुठल्याच सोंगटीला चाल नाही.' आणि 'पिसाळलेला हत्ती' ठेवतेय. नानांनी माफ करावं.

तिरका_उंट
अर्थ आता चोख. पण 'चालकोंडी'ने दुसरीकडे पंचाईत होईल. चाली असतात, पण जी खेळावी तिने नुकसानच होतं, आणि चाल सोडून देता येत नाही, ती जी 'झुगझ्वांग'ची अवस्था, तिला मी हाच शब्द राखून ठेवला होता. दोन्ही एकाच टिपणात आले तर काय कराल?

गौरी_क
झुगझ्वांगला आधी मराठी शोधा, मग भांडा. लेक विचारतेय, तिचं प्यादं ए५ला नेण्याऐवजी आधीच मारू दिलं असतं तर अर्धा गुण मिळाला असता का?

तिरका_उंट
प्यादं गेल्यावरही राजा एच८, वजीर एफ७ आणि चाल तिची अशीच वेळ आली असती, तर हो. पण प्यादं नाही हे पाहून समोरच्याने वजीर एफ७ला नेलाच नसता कदाचित. त्याआधीच्या चाली वहीत असतील तर टाका, पाहतो.