रेटिनॉलने त्वचा सोलते आहे. नेटाने चालू ठेवावे की थांबावे?

रंकाळाकाठची: वय 43. डोळ्यांच्या कडेच्या बारीक सुरकुत्यांसाठी 0.5 टक्क्याचे रेटिनॉल रोज रात्री लावू लागले. नवव्या दिवसापासून नाकपुड्यांच्या कडा लाल होऊन सोलत आहेत आणि साधे पाणी लागले तरी चुरचुरते. हे चालू ठेवावे का?

राजारामपुरीकर: अवश्य चालू ठेवावे. साल निघणे ही औषध लागू पडत असल्याची खूण आहे. मध्येच सोडल्यास सवय पुन्हा पहिल्यापासून लावावी लागते.

औषधी दुकानवाला: राजारामपुरीकर, हलकी कोरडी साल निघण्यापुरते आपले म्हणणे अर्धे खरे आहे. पण पाण्यानेही चुरचुरणे म्हणजे त्वचेचे वरचे आवरण दुखावले आहे, आणि अशा त्वचेवर रेटिनॉल लावत राहिल्यास सुरकुत्या लवकर जात नाहीत, दाह मात्र वाढतो. ताई, चुरचुर पूर्ण थांबेपर्यंत, साधारण एक-दोन आठवडे, फक्त सौम्य फेसवॉश आणि बिनसुगंधी मॉइश्चरायझर वापरा. मग 0.2 किंवा 0.3 टक्क्याचे घेऊन आठवड्यातून दोनच रात्री लावा: चेहरा कोरडा होऊ द्यावा, आधी मॉइश्चरायझर, त्यावर संपूर्ण चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढेच रेटिनॉल. नाकाच्या आणि ओठांच्या कोपऱ्यांना आधीच पेट्रोलियम जेली लावून ठेवावी, कारण ते तिथेच साचते. तीन आठवडे तक्रार नसेल तर एक रात्र वाढवा. तीन महिन्यांआधी फरक शोधू नये. खोल घड्या तर याने फारशा हलत नाहीत.

पेठेतली वहिनी: माझा अनुभव वेगळाच आहे. रेटिनॉल चालू असताना वरच्या ओठाचे वॅक्सिंग केले आणि पट्टीबरोबर कातडीच निघाली; तो डाग जायला दोन महिने लागले.

राजारामपुरीकर: पण रात्री लावायचे असेल, तर दिवसा सनस्क्रीनचा खर्च कशासाठी? स्कार्फ पुरेसा आहे.

औषधी दुकानवाला: रेटिनॉल रात्री लावतात, कारण ते उजेडात निकामी होते, त्वचेचा नाजूकपणा मात्र सकाळीही राहतो. दुपारी दुचाकीवरून शिरोलीपर्यंत जाताना पातळ सुती स्कार्फमधून ऊन बऱ्यापैकी आत येते. एसपीएफ 30 किंवा अधिक लावावे, आणि उन्हात असल्यास दर दोन तासांनी पुन्हा. हे जमणार नसेल तर रेटिनॉल सुरू न केलेले बरे. गर्भधारणेची शक्यता असल्यासही ते थांबवावे.

पेठेतली वहिनी: त्रेचाळिसाव्या वर्षी तो प्रश्न कुठे येतो? शिवाय क्रीममधून रक्तात जाते तरी किती?

औषधी दुकानवाला: फार थोडे जाते, हे मान्य. पण याच कुळातल्या, मुरुमांवर पोटात घेण्याच्या गोळ्यांनी गर्भात गंभीर व्यंगे निर्माण होतात हे सिद्ध आहे, आणि क्रीम निर्धोक असल्याची खात्री कोणी देत नाही. पाळी अनियमित झाली म्हणजे गर्भ राहत नाही, असेही नाही.

राजारामपुरीकर: ही सावधगिरी मला तरी अतिरेकी वाटते.

रंकाळाकाठची: माझी पाळी बारा दिवस लांबली आहे, वयाचे म्हणून मी मनावर घेतले नव्हते. ट्यूब बंद करून ठेवली आहे. उद्या सकाळी आधी चाचणी करते.