मदत हवी आहे: यूट्यूबवरच्या जुन्या व्याख्यानाचा संदर्भ कसा द्यावा?

नमस्कार मंडळी. पीएचडीच्या प्रबंधाची संदर्भसूची एपीए सातव्या आवृत्तीप्रमाणे करतेय. एका दिवंगत समीक्षकांचं १९८० च्या दशकातलं व्याख्यान कुणीतरी २०१६ मध्ये यूट्यूबवर टाकलंय. एपीएप्रमाणे लेखकाच्या जागी व्हिडिओ अपलोड करणारं चॅनल आणि वर्ष २०१६. म्हणजे सरांची पुस्तकं एका अक्षराखाली आणि त्यांचंच व्याख्यान भलत्याच अक्षराखाली! मजकुरात मी सध्या असं लिहितेय: ‘सरांनी व्याख्यानात म्हटल्याप्रमाणे… (चॅनलचं नाव, २०१६, २३:४०)’. पुस्तकाला पान, तसं इथे वाक्य सुरू होतं ती वेळ. पॉडकास्टचं सोपं आहे, तिथे सूत्रसंचालकाचं नाव आधी येतं.

आता अडचणी. तेच व्याख्यान दुसऱ्या चॅनलवरही आहे, पण सुरुवातीला त्यांची जाहिरात जोडल्यामुळे सगळ्या वेळा पुढे सरकल्यात. अशा वेळी मूळ ध्वनिमुद्रण ज्या संस्थेचं, तिचीच प्रत धरायची ना? व्याख्यानाचं मूळ साल सूचीत कुठे बसवायचं, की फक्त मजकुरात सांगायचं? शिवाय मार्गदर्शक म्हणतात, ‘दृक्‌श्राव्य साधने’ असा वेगळा भाग करा. एपीएत तर पुस्तकं, लेख, व्हिडिओ एकाच अकारविल्हे यादीत येतात. वेगळा भाग केलेला प्रबंध कुणी सादर केलाय का? परीक्षकांनी काही हरकत घेतली?